‘आत्ताच जेवलो’ आणि ‘पूर्वी जेवायचो’: दोन इंग्रजी रचना मराठीत आणताना

(भाषांतर करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मी दोनच इंग्रजी रचनांबद्दल बोलणार आहे. एक ‘आय हॅव जस्ट ईटन’ या प्रकारची, म्हणजे शाळेत जिला आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणून शिकलो ती. दुसरी ‘ही यूज्ड टू कम हिअर’ या प्रकारची, म्हणजे पूर्वीची सवय किंवा रीत सांगणारी. दोन्ही रचना शाळेत एकेका मराठी सूत्राला बांधून दिल्या जातात. ‘हॅव’ दिसलं की ‘आहे’ लावायचं, ‘यूज्ड टू’ दिसलं की ‘असे’ लावायचं. परीक्षेपुरतं हे चालतं. कादंबरीचं पान किंवा सिनेमातला संवाद भाषांतरायला घेतला, की चौथ्या-पाचव्या वाक्याला हे सूत्र अडतं.

पहिली रचना घेऊ. तुम्ही कोणाकडे गेला आहात, पानं घेतली आहेत आणि घरातल्या बाई म्हणतात, ‘बसा दोन घास.’ तुम्ही काय म्हणता? ‘नको हो, आत्ताच जेवून आलो.’ किंवा ‘माझं झालंय जेवण.’ किंवा नुसतंच ‘जेवलोय मी.’ यातलं कुठलंही उत्तर ‘आय हॅव जस्ट ईटन’चं चोख मराठी आहे. याच जागी सबटायटलमध्ये मात्र ‘मी नुकतेच खाल्ले आहे’ असं वाचायला मिळतं. व्याकरणाची मोठी चूक त्यात नाही, तरी ते कानाला खटकतं. मराठी माणूस पोटभर अन्न ‘जेवतो’ आणि वडापाव ‘खातो’. इंग्रजीतल्या ‘ईट’ला हा भेद माहीत नाही, तो आपल्याला करावा लागतो. दुसरं म्हणजे ‘नुकताच’ हा शब्द मराठीत कर्त्याप्रमाणे बदलतो: तो नुकताच जेवला, ती नुकतीच जेवली. सगळीकडे ‘नुकतेच’ ठोकून दिलं की वाक्य सरकारी पत्रातलं वाटू लागतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो शेवटचा ‘आहे’. खरा प्रश्न त्याचाच आहे.

‘जेवलो’ आणि ‘जेवलोय’ यांत फरक काय? ‘जेवलो’ ही घडलेल्या गोष्टीची बातमी आहे. ‘जेवलोय’, म्हणजे ‘जेवलो आहे’, ही माझ्या आत्ताच्या स्थितीची बातमी आहे: पोट भरलेलं आहे, म्हणून वाढू नका. सकाळी उठून तुम्ही दार उघडता आणि अंगण ओलं दिसतं. तोंडून निघतं, ‘रात्री पाऊस पडलाय.’ पाऊस पडताना तुम्ही पाहिला नाही, त्याची खूण समोर आहे आणि खुणेवरून तुम्ही बोलता. तोच पाऊस तुम्ही खिडकीतून पाहिला असेल आणि सकाळी शेजाऱ्याला सांगत असाल, तर ‘रात्री पाऊस पडला’ किंवा ‘रात्री चांगला पाऊस झाला’ म्हणाल. कडी वाजली की ‘कोणीतरी आलंय’ म्हणतो, कारण तो माणूस अजून दाराशी उभा आहे. मराठीतला ‘आहे’ असा समोरच्या पुराव्याला चिकटलेला असतो. घडलेल्या गोष्टीचं काहीतरी आत्ता हाताशी शिल्लक आहे, असं तो सांगतो.

इंग्रजीतही या रचनेचं काम बरंचसं असंच आहे, म्हणून सूत्र अनेकदा चालून जातं. पण ‘जस्ट’ आला की मराठीला ‘आहे’ची गरज उरत नाही. ‘आत्ताच’ या शब्दाने ताजेपणाचं काम करून टाकलेलं असतं. म्हणून ‘आत्ताच जेवलो’, ‘आत्ताच फोन ठेवला’, ‘बस आत्ताच गेली’ ही साध्या भूतकाळातली वाक्यं इथे सर्वांत सहज येतात. अमेरिकन इंग्रजीतही ‘जस्ट’बरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, ‘आय जस्ट एट’ असं. त्यामुळे मूळ वाक्यात ‘हॅव’ आहे की नाही, यावर मराठी क्रियापद ठरवायला जाऊ नये. ‘बस आत्ताच गेली’ याऐवजी ‘बस नुकतीच गेली आहे’ असं थांब्यावरचा माणूस म्हणत नाही. ते चौकशीच्या खिडकीतून ऐकू येतं.

इथे ‘च’ कुठे लागतो याकडे नीट बघा. ‘आत्ताच आलो’ म्हणजे येऊन पोहोचलो, चपला अजून पायात आहेत. ‘आत्ता आलोच’ म्हणजे अजून निघालोही नाही कदाचित, पण दोन मिनिटांत येतो. क्रियापद तेच, भूतकाळाचं रूप तेच. ‘च’ काळाच्या शब्दाला लागला तर गोष्ट घडून गेलेली असते, क्रियापदाला लागला तर ती घडण्याच्या बेतात असते. ‘भात आत्ताच झाला’ आणि ‘भात झालाच’ यांतही हेच आहे. पहिल्या वाक्यावर पानं वाढायला घेता येतात, दुसऱ्यावर कुकरची आणखी एक शिट्टी व्हायची असते. संवाद भाषांतरताना हा एक ‘च’ इकडचा तिकडे गेला, तर पात्र घरात आलं आहे की रस्त्यात आहे, हेच उलटतं.

आता एक गोष्ट सांगते, जिच्याकडे भाषांतरकारांचं लक्ष कमी जातं. इंग्रजीत या काळाबरोबर संपून गेलेल्या वेळेचा शब्द चालत नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हे चुकीचं मानलं जातं. आपली मुलं ही चूक हमखास करतात आणि शिक्षक ती हमखास लाल करतात. पण ती येते कुठून, तर थेट मराठीतून. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. ‘मी पैसे काल दिले आहेत’, ‘अर्ज सोमवारीच भरलाय’ हीसुद्धा तशीच. मघाच्या ‘रात्री पाऊस पडलाय’मध्येही ‘रात्री’ होतंच. मराठीत ‘आहे’ असताना तारीख, वार, वेळ सगळं बरोबर राहू शकतं, कारण आपला ‘आहे’ गोष्ट कधी घडली याची दखल घेतच नाही. मी तिच्यामागे आत्ता उभा आहे, एवढंच तो सांगतो.

याचा आपल्याला उलट दिशेने उपयोग होतो. समजा, इंग्रजी कादंबरीत भाडेकरू आणि घरमालक यांचं भांडण चालू आहे आणि भाडेकरू म्हणतो, ‘आय पेड यू ऑन मंडे!’ वार आल्यामुळे इंग्रजीला साधा भूतकाळ वापरणं भाग आहे. मराठीवर ती सक्ती नाही. ‘मी तुम्हाला सोमवारी पैसे दिले’ हे भांडणात मिळमिळीत वाटतं. ‘सोमवारी दिलेत मी तुम्हाला पैसे!’ म्हटलं, की दावा उभा राहतो. म्हणजे मुळात ‘हॅव’ नसतानाही मराठीत ‘आहे’ आणावा लागतो, आणि मुळात ‘हॅव’ असताना तो कधी गाळावा लागतो.

बातमीतही असंच. पहिलं वाक्य ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला आहे’ असं ठीक, कारण राजीनामा आत्ता समोर आहे. त्यापुढे ‘त्यांनी पत्रकारांशी संवाद साधला आहे, ते भावूक झाले आहेत, त्यांनी आभार मानले आहेत’ अशी रांग लागली की बातमी जागची हलत नाही. घटना एकामागून एक घडत गेल्या, हे साधा भूतकाळच सांगू शकतो.

नकारात शिरलो की आणखी एक अडचण येते. ‘आय डिडन्ट ईट’ आणि ‘आय हॅवन्ट ईटन’ ही इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं आहेत. मराठीत दोन्हींना ‘मी जेवलो नाही’. होकारात ‘जेवलो’ आणि ‘जेवलो आहे’ वेगळे दिसतात, पण नकारातला ‘नाही’ त्या ‘आहे’ची जागाच घेऊन टाकतो. मग फरक दाखवायचा कसा? बहुतेक वेळा ‘अजून’ ते काम करतो. ‘मी अजून जेवलो नाही’ म्हटलं की ताट वाढायला हरकत नाही. ‘काल मी जेवलो नाही’ म्हटलं की ती संपलेली हकीकत झाली. बोलण्यात ‘जेवलो नाहीये’ असंही म्हणतात, तिथे हरवलेला आहेपणा परत आलेला ऐकू येतो. आणि ठामपणे सांगायचं असेल तर ‘जेवलेलो नाही’. ‘मी त्या कागदावर सही केली नाही’ आणि ‘मी त्या कागदावर सही केलेली नाही’ यांतलं दुसरं कोर्टात शोभतं, कारण त्यात कागद आजही कोरा असल्याचं म्हणणं आहे. मूळ लेखकाने ‘नॉट येट’ लिहिलेलं नसलं, तरी मराठीत ‘अजून’ घालावा लागेल. ती भर आहे असं वाटून घाबरू नका. इंग्रजीने क्रियापदात ठेवलेला अर्थ तुम्ही शब्दात ठेवला, इतकंच.

या रचनेची सर्वांत फसवी जागा म्हणजे चालू असलेला काळ. ‘वुई हॅव लिव्ह्ड इन धिस हाऊस फॉर थर्टी इयर्स.’ सूत्राने जाल तर ‘आम्ही या घरात तीस वर्षे राहिलो आहोत’ असं होतं. हे वाक्य मराठी माणूस कधी म्हणेल, याची कल्पना करून पाहा. सामानाचा टेम्पो खाली उभा आहे, किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची आहे, तेव्हा म्हणेल. ‘राहिलो आहोत’ने हिशोब बंद होतो. आणि इंग्रजी वाक्यातलं कुटुंब तर अजून तिथेच राहतं आहे. म्हणून मराठीत सरळ वर्तमानकाळ हवा: ‘गेली तीस वर्षं आम्ही या घरात राहतोय.’ किंवा ‘तीस वर्षं झाली, आम्ही इथेच आहोत.’ ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड’ म्हणजे ‘मी त्याला लहानपणापासून ओळखतो’. ‘शी हॅज बीन इल सिन्स मंडे’ म्हणजे ‘ती सोमवारपासून आजारी आहे’. जे चालू आहे ते मराठी चालू काळातच सांगते आणि सुरुवात कुठून झाली, हे शब्दाने सांगते. ‘तीस वर्षांपासून’ आता सगळीकडे ऐकू येतं, मला मात्र ‘गेली तीस वर्षं’ जास्त आपलं वाटतं. ‘पासून’ हा खरा शोभतो तो एका बिंदूला, ‘सोमवारपासून’, ‘लग्नापासून’ असा.

‘गॉन’ आणि ‘बीन’ची गोष्ट थोडक्यात सांगते. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे ‘तो पुण्याला गेलाय’, आत्ता भेटणार नाही. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन परत आलेला. तिथे मराठीला ‘पुण्याला जाऊन आलाय’, ‘पुणं पाहिलंय त्याने’ किंवा सरळ ‘पुण्याला गेला होता’ असे पर्याय आहेत. हा ‘गेला होता’ इंग्रजीच्या ‘हॅड गॉन’शी जोडून ठेवू नका. आपण ‘काल कुठे गेला होतास?’ असं विचारतो तेव्हा आधी-नंतरच्या दोन भूतकाळांचा काही संबंध नसतो. गेलेला माणूस परत आला आहे, त्या जाण्याचा परिणाम आता उरलेला नाही, एवढंच त्या ‘होता’त असतं.

आता दुसऱ्या रचनेकडे वळू. ‘यूज्ड टू’साठी मराठीकडे एक सोडून तीन रूपं आहेत: ‘तो येई’, ‘तो येत असे’ आणि ‘तो यायचा’. अर्थ जवळपास एकच. तरी कोणतं रूप कुठे बसतं हे कळायला त्यांचा थोडा इतिहास उपयोगी पडतो.

‘येई’, ‘करी’, ‘बसे’ ही सर्वांत जुनी रूपं. व्याकरणात यांना ई-आख्यात म्हणतात आणि मोरो केशव दामल्यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परंपरेत वाढलेल्यांना हे नाव ठाऊक असेल. आज ही रूपं भूतकाळातली रीत सांगतात. पण ज्ञानेश्वरीच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, हा साधा वर्तमानकाळ होता. ‘करी’ म्हणजे ‘करतो’. याची खूण आपल्या म्हणींत शाबूत आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ यात तळं पूर्वी साचायचं असं कोणी समजत नाही. ते साचतं, नेहमीच. ‘दाम करी काम’, ‘खाई त्याला खवखवे’ यांतही वर्तमानच आहे. पुढे ‘करतो’, ‘जातो’ ही रूपं वर्तमानात येऊन बसली आणि जुन्या रूपाला भूतकाळातल्या रीतीच्या कोपऱ्यात सरकावं लागलं.

या सरकण्यामुळे त्या रूपावर एक मर्यादा आली आहे. ‘तो करी’, ‘ती करी’, ‘ते करीत’ इथपर्यंत ठीक. पण ‘आम्ही’ घेतलं की रूप होतं ‘आम्ही करू’ आणि ‘तुम्ही’ घेतलं की ‘तुम्ही करा’. आजच्या वाचकाला पहिलं पुढचं काम वाटेल आणि दुसरं हुकूम. त्यामुळे ‘येई, जाई, बसे’ हा प्रकार आज तृतीय पुरुषापुरता उरला आहे, तोही लेखनात. तिथे मात्र त्याला तोड नाही. ‘म्हातारा ओट्यावर बसे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारी, कोणी थांबलं तर सुपारी पुढे करी.’ इंग्रजी लेखक ‘ही वुड सिट, ही वुड कॉल आउट’ असं ‘वुड’ लावून सवयी सांगत जातो, तिथे हे रूप अचूक बसतं. त्या ‘वुड’चं ‘तो बसला असता’ केलेलं मी छापील पुस्तकांत वाचलेलं आहे. त्याने अर्थच फिरतो, म्हातारा कधी बसलाच नाही असं होतं.

‘येत असे’ हे रूप सर्व पुरुषांत चालतं: मी येत असे, आम्ही येत असू, ते येत असत. लेखनाला ते भारदस्त आहे, पण सलग चार वाक्यांत ‘असत, असत, असत’ आलं की परिच्छेद जड होतो. ‘यायचा’ हे बोलण्यातलं रूप. आता ते लेखनातही रुळलं आहे आणि संवादात तर दुसरं काही चालतच नाही. कोणताही मुलगा आईला ‘तू मला शाळेत सोडत असस’ म्हणणार नाही, ‘सोडायचीस’ म्हणेल.

‘यायचा’ सोपं वाटतं, पण त्याला दोन बाजूंनी दुसरे अर्थ चिकटलेले आहेत. ‘मी जायचो’ म्हणजे रीत आणि ‘मला जायचं होतं’ म्हणजे इच्छा किंवा गरज. इथे ‘मी’ आणि ‘मला’ने भेद राहतो. नकारात मात्र तो राहत नाही. ‘तो आमच्याकडे यायचा नाही’ याचा अर्थ काय? पूर्वी येत नव्हता, की यापुढे येणार नाही? ‘आता काही तो यायचा नाही’ हे तर आपण रोज पुढच्या काळाबद्दल म्हणतो. म्हणून ‘डिडन्ट यूज टू’ भाषांतरताना मी बहुधा ‘येत नसे’कडे वळते, सबंध परिच्छेद ‘यायचा’, ‘जायचा’ यांत असला तरी. आणि अगदी बोलका संवाद असेल तर ‘कधी यायचाच नाही तेव्हा’ असा ‘तेव्हा’ घालून वाक्य भूतकाळात घट्ट बांधते. नकाराचं आणखी एक जुनं रूप आपल्याकडे आहे: ‘तो ऐकेना’, ‘दार उघडेना’. इंग्रजीत ‘द डोअर वुडन्ट ओपन’ असतं, तिथे हेच हवं. पण ते त्या एका वेळच्या अडण्याचं आहे, रीतीचं नाही.

आता ‘यूज्ड टू’मधला सर्वांत महत्त्वाचा भेद. ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर.’ याचं ‘इथे एक विहीर असायची’ करून पाहा. कानाला विचित्र लागतं, जणू विहीर अधूनमधून येऊन बसायची. मराठीत ‘असायची’ किंवा ‘असे’ म्हटलं, की पुन्हा पुन्हा घडणं त्यात येतं. ‘उन्हाळ्यातही विहिरीला पाणी असायचं’ हे बरोबर, कारण उन्हाळे येत-जात होते. विहीर स्वतः मात्र अखंड तिथेच होती, म्हणून ‘पूर्वी इथे एक विहीर होती’. इंग्रजीला या दोन्हीसाठी एकच ‘यूज्ड टू’ पुरतो, मराठीला नाही. ‘आय यूज्ड टू नो हर’ म्हणजे ‘मी तिला ओळखायचो’ नव्हे. ओळख काही रोज नव्याने होत नाही. ‘पूर्वी माझी तिची ओळख होती’ असं हवं. ‘ही यूज्ड टू बी अ टीचर’ म्हणजे ‘तो आधी शिक्षक होता’. तेव्हा इंग्रजी वाक्यापाशी थांबून स्वतःला विचारा: ही गोष्ट दिवसा-दिवसाला, वर्षा-वर्षाला पुन्हा घडत होती, की एकसलग होती? पुन्हा घडत असेल तर ‘यायचा’ किंवा ‘येत असे’. एकसलग असेल तर साधा ‘होता’, आणि आता ते राहिलं नाही हे सांगायला ‘पूर्वी’, ‘आधी’ किंवा ‘एके काळी’. ‘यूज्ड टू’मध्ये ‘आता नाही’ ही सूचना आत दडलेली असते. नुसत्या ‘होता’त ती नसते, म्हणून तो एक शब्द लागतो.

आणखी एक रूप आहे, ते व्याकरणाच्या तक्त्यात सहसा सापडत नाही, पण गावाकडच्या आठवणी ऐकताना सतत कानावर पडतं. ‘सकाळी उठायचं, दोन भाकऱ्या बांधून घ्यायच्या, शेतावर जायचं, दिवस कलला की परत.’ यात कर्ताच नाही. क्रियापद भाकऱ्यांशी जुळतं, माणसाशी जुळत नाही. इंग्रजीत ‘वुई यूज्ड टू’ किंवा ‘यू वुड’ असं सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं असतं, तिथे ‘आम्ही उठायचो, आम्ही घ्यायचो’ यापेक्षा हे रूप जास्त खरं वाटतं. ती रीत एकट्याची नव्हती, सगळ्या घराची होती, हे ते आपोआप सांगतं.

एकदा लिंगाचाही विचार करू. ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणणारा बाप्या की बाई, हे इंग्रजी सांगत नाही. मराठीत ‘जेवलो’ किंवा ‘जेवले’ असं ठरवावंच लागतं. ‘मी जायचो’ आणि ‘मी जायचे’ यांतही तसंच. आता रहस्यकथा भाषांतराला आली आहे आणि निवेदक स्त्री आहे की पुरुष, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकायचं आहे, अशी वेळ आली तर? ‘मी जात असे’ हे रूप दोघांनाही सारखं आहे. ‘माझं आत्ताच जेवण झालं’ यातही काही उघड होत नाही. ‘मी चिठ्ठी वाचली’ यात क्रियापद चिठ्ठीकडे बघतं, माझ्याकडे बघत नाही, तेव्हा तिथेही निभावतं. प्रत्येक वाक्य मात्र असं तपासून घ्यावं लागतं. एखादा ‘आलो’ किंवा ‘बसले’ निसटला, की सगळं उघडं पडलं.

आता एक लहानसा उतारा घेऊ. मी तो याच कामासाठी तयार केला आहे. निवेदक मध्यम वयाचा पुरुष आहे, घरी आलेल्या पाहुण्याला खोली दाखवतो आहे. इंग्रजी असं: ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू मेंड क्लॉक्स इन धिस रूम. ही वुड सिट बाय द विंडो अँड नेव्हर लुक अप. देअर यूज्ड टू बी अ स्टोव्ह इन द कॉर्नर. आय हॅव केप्ट हिज टेबल. इट हॅज स्टुड हिअर फॉर फॉर्टी इयर्स. आय हॅव जस्ट ऑइल्ड द ड्रॉवर्स.’

सूत्राने केलं तर असं होतं: ‘माझे आजोबा या खोलीत घड्याळे दुरुस्त करत असत. ते खिडकीपाशी बसत असत आणि कधीही वर पाहत नसत. कोपऱ्यात एक शेगडी असे. मी त्यांचे टेबल ठेवले आहे. ते येथे चाळीस वर्षे उभे राहिले आहे. मी नुकतेच खणांना तेल लावले आहे.’ शब्द सगळे मराठी आहेत, तरी बोलणारा माणूस दिसत नाही.

आता वाक्यावाक्याने जाऊ. निवेदक समोरच्याशी बोलतो आहे, तेव्हा पहिलं वाक्य ‘यायचा’च्या घरातलं: ‘माझे आजोबा या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे.’ दुसऱ्यात ‘वुड’ आहे. चौकट आधीच उभी राहिली आहे, म्हणून ‘ते’ पुन्हा नको: ‘इथे खिडकीशी बसायचे, आणि मान म्हणून वर करायचे नाहीत.’ ‘करायचे नाहीत’वर मी मघाशी शंका घेतली होती. इथे आधीच्या दोन क्रियापदांनी काळ पक्का केला आहे आणि आजोबा हयात नाहीत हे कळतं आहे, म्हणून चालेल. तिसरं वाक्य अखंड स्थितीचं: ‘त्या कोपऱ्यात तेव्हा शेगडी होती.’ चौथ्यात टेबल समोर आहे, पुरावा हाताशी आहे, म्हणून ‘आहे’ हवाच. पण नुसतं ‘ठेवलंय’ म्हटलं तर आत्ता उचलून ठेवल्यासारखं वाटेल: ‘त्यांचं टेबल मी काढलं नाही’ किंवा ‘टेबल मात्र मी जपून ठेवलंय’. मला दुसरं आवडतं, कारण शेगडी गेली आणि टेबल राहिलं हा विरोध त्या ‘मात्र’मध्ये येतो. पाचवं वाक्य चालू काळाचं: ‘चाळीस वर्षं झाली, इथेच आहे.’ टेबलाने उभं राहण्याची काही गरज नाही.

उरलं सहावं, तेलाचं. ‘आत्ताच खणांना तेल दिलं’ की ‘आत्ताच खणांना तेल दिलंय’? एकट्या वाक्यावरून हे ठरवता येणार नाही, त्यापुढचं वाक्य बघावं लागतं. पुढे ‘तर एका खणात ही किल्ली सापडली’ असं असेल, तर गोष्ट पुढे सरकते आहे आणि ‘दिलं’ हवं. पुढे निवेदक पाहुण्याला ‘हात नका लावू’ म्हणत असेल, तर तेल अजून ओलं आहे आणि ‘दिलंय’ हवं.